दिवाळीचा दूध-फरक कुठून येतो? गावच्या संकलन केंद्राचं अंदाजपत्रक

कोल्हापूर भागात दसरा जवळ आला की दूध घालायला आलेल्या माणसांत एकच प्रश्न फिरतो, ‘यंदा शेकड्याला किती?’ म्हणजे वर्षभरात झालेल्या दुधाच्या बिलावर दर शंभर रुपयांमागे संस्था किती फरक देणार. शेजारच्या संस्थेनं जास्त दिला तर आपला सचिव नालायक, कमी दिला तर आपला हुशार, असा निकालही तिथंच लागतो. पण फरकाचा आकडा दिवाळीत ठरत नाही. एप्रिलमध्ये अंदाजपत्रक बांधताना तो जवळजवळ ठरलेला असतो आणि पुढे वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ काही पैशांनी तो वाढतो किंवा झिजतो. हा हिशेब अवघड नाही. तो दूध घालणाऱ्या प्रत्येकाला मांडता यायला हवा, कारण त्यातला पैसा त्याचाच आहे.

समजण्यासाठी एक केंद्र धरू. गावची प्राथमिक दूध संस्था, फक्त गाईचं दूध, १२५ उत्पादक, दिवसाला सरासरी १,००० लिटर संकलन. वर्षाचे झाले ३,६५,००० लिटर. संस्थेकडे स्वतःचा बल्क कूलर आहे आणि दूध टँकरनं जिल्ह्याच्या संघाकडे जातं. खाली येणारे दर मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या संघाचं दरपत्रक आणि तुमचं वीजबिल समोर ठेवून तेच आकडे बदला, मांडणी तीच राहील.

संघाकडून येणाऱ्या पैशात कुणाचं किती

संघ संस्थेला एका लिटरमागे जे देतो त्याचे तीन भाग असतात आणि ते वहीत वेगळे दिसायला हवेत. पहिला दुधाची किंमत. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, यांप्रमाणे दरपत्रकानुसार ती ठरते. आपण सरासरी ३३ रुपये धरू. हा पैसा उत्पादकाचा आहे, संस्था फक्त पोहोचवणारी. दुसरा भाग संस्थेचं कमिशन, म्हणजे दूध मोजणं, तपासणं, हिशेब ठेवणं यासाठी मिळणारी रक्कम. धरू १ रुपया. तिसरा भाग शीतकरणाचा मोबदला, संस्था स्वतःच्या कूलरमध्ये दूध थंड करून देते म्हणून. धरू ७० पैसे.

म्हणजे लिटरला ३४ रुपये ७० पैसे आले तरी संस्थेचं खरं उत्पन्न १ रुपया ७० पैसेच. वर्षाची उलाढाल सव्वा कोटीच्या घरात दिसते आणि सभेत तोच आकडा मोठ्यानं वाचला जातो. पण संस्था चालते ती या पावणेदोन रुपयांवर. अंदाजपत्रक त्याचंच करायचं असतं.

उत्पादकाची बिलं बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी निघतात. एका दशकाचं, म्हणजे दहा दिवसांचं, दूध १०,००० लिटर, म्हणजे ३ लाख ३० हजार रुपये. संघाचा पैसा दशक संपल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी जमा होत असेल आणि संस्था दुसऱ्याच दिवशी बिलं वाटत असेल, तर तेवढे दिवस सव्वातीन लाखांची गाठ संस्थेला स्वतःच्या खिशातून मारावी लागते. खिसा रिकामा असेल तर ती बँकेच्या कर्जानं मारली जाते आणि व्याज फरकातून जातं. म्हणून वाटपाचा दिवस संघाच्या जमेनंतरचा ठरवावा आणि तो वर्षभर पाळावा. उत्पादकाला चार दिवस उशीर चालतो, बेभरवशाची तारीख चालत नाही. पशुखाद्याची उधारी आणि उचल बिलातून कापायची असते तीही त्याच दशकात कापावी. पुढच्या दशकावर ढकललेली उधारी कशी वाढत जाते आणि दिवाळीत कुठे अडते, ते शेवटी येईल.

दूध थंड करायला खरा खर्च किती

केंद्राच्या अंदाजपत्रकात सर्वांत जास्त गैरसमज याच खर्चाबद्दल आहे, म्हणून इथे जरा थांबू.

दूध केंद्रावर येतं तेव्हा ते साधारण ३५ अंशांवर असतं. त्या उबेत जिवाणू झपाट्यानं वाढतात. ४ अंशांपर्यंत खाली आणलं की त्यांची वाढ बरीच मंदावते आणि टँकर येईपर्यंत दूध टिकतं. हजार लिटर दुधाचं वजन साधारण १,०३० किलो. ते ३५ वरून ४ अंशांवर आणायचं तर त्यातून जवळपास ३५ युनिट इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. चांगल्या स्थितीतला कॉम्प्रेसर एक युनिट वीज घेऊन अडीच युनिट उष्णता बाहेर टाकतो असं धरलं, तर १४ युनिट वीज लागली. त्यात अ‍ॅजिटेटर, म्हणजे दूध ढवळणारा पंखा, रात्रभर थंडावा धरून ठेवणं, टाकी धुवायचा पंप आणि गरम पाणी मिळवा. दिवसाचे २२ युनिट होतात. यातले २० युनिट महावितरणचे आणि वीज जाते तेव्हाचे २ युनिट जनरेटरचे धरू.

स्थिर आकारासह युनिटला सरासरी ११ रुपये पडत असतील तर विजेचे वर्षाला ८० हजार. जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये तीनेक युनिट देतो. डिझेल ९२ रुपये धरलं तर एक युनिट तिसाच्या पुढे गेलं, म्हणजे विजेच्या जवळजवळ तिप्पट. वर्षाचं डिझेल अडीचशे लिटर, २३ हजार रुपये. हे दोन्ही खर्च दुधाबरोबर कमी-जास्त होतात: एकत्र १ लाख ३ हजार, लिटरला २८ पैसे.

दुसरा गट मात्र दूध आलं काय, न आलं काय, असायचाच. टाकी धुण्याची पावडर आणि आम्ल १५ हजार, दुरुस्ती आणि गॅस भरणं २५ हजार. आणि घसारा. कूलर व जनरेटर मिळून ९ लाखांचे, आयुष्य १५ वर्षं धरलं तर वर्षाला ६० हजार. ‘कूलर अनुदानात मिळालाय, घसारा कशाला?’ असं बऱ्याच संस्थांत म्हणतात. पंधरा वर्षांनी दुसरं अनुदान येईलच याची खात्री कुणी दिलेली नसते, आणि तोवर घसाऱ्याचे पैसे फरक म्हणून वाटून झालेले असतात. माझ्या मते इतकं महागडं औदार्य दुसरं नाही. तर हा ठरलेला गट झाला वर्षाला १ लाख, दिवसाला २७४ रुपये.

हजार लिटरवर शीतकरण साडेपंचावन्न पैशांत पडलं आणि मोबदला मिळतो ७० पैसे. लिटरमागे चौदा पैसे उरले. पण उन्हाळ्यात, कृशकाळात, हेच संकलन ६०० लिटरवर आलं तर? दिवसाचे २७४ रुपये आता ६०० लिटरवर पसरतात, लिटरला ४६ पैसे. वर चालू खर्चाचे २८. एकूण ७४ पैसे, म्हणजे प्रत्येक लिटर थंड करताना चार पैशांचा तोटा. या केंद्राची बरोबरीची रेघ साधारण ६५५ लिटरवर आहे. अंदाजपत्रक बांधताना वर्षाची सरासरी घेऊन थांबू नका. एप्रिल ते जून वेगळा काढा आणि त्या तीन महिन्यांत किती दिवस आपण रेघेखाली असतो ते पाहा. गावात दोन संस्था असतील आणि दोघींचं दूध रेघेखाली असेल, तर एकाच कूलरमध्ये दोघींचं दूध थंड करणं हा लिटरमागचा ठरलेला खर्च खरोखर निम्म्यावर आणणारा उपाय आहे. गावच्या राजकारणात तो कितपत पचेल हा वेगळा प्रश्न.

कूलर जास्त वीज खातोय हे बिल येण्याआधी कळतं. टाकीपाशी एक वही टांगा आणि दोन नोंदी रोज करा: दूध ओतायचं संपलं ती वेळ आणि काटा ४ अंशांवर आला ती वेळ. शेजारी मीटरचं वाचन. आपल्या केंद्रावर शंभर लिटरला २.२ युनिट हे माप आहे. ते ३ वर गेलं, किंवा अडीच तासांत थंड होणारं तेवढंच दूध चार तास घ्यायला लागलं, तर आधी कंडेन्सरची जाळी बघावी. गावातल्या केंद्रावर भुसा, धूळ आणि कडब्याचं कुसळ त्यात बसतं, हवा फिरत नाही आणि कॉम्प्रेसर नुसता धापा टाकतो. जाळी स्वच्छ असूनही वेळ लागत असेल तर गॅस कमी झालेला असू शकतो. तेव्हा मेकॅनिक बोलवा.

आणखी एक सवय खर्चाची आहे. सकाळचं सगळं दूध ओतून झाल्यावरच मशीन सुरू करायचं. आदल्या संध्याकाळचं ५०० लिटर ४ अंशांवर असतं, त्यात सकाळचं ५०० लिटर ३४ अंशांचं पडलं की मिश्रण १९ अंशांवर जातं आणि रात्रभर थंड ठेवलेलं दूधही उबेत येतं. मिश्रण दहा अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. म्हणून पहिली घागर पडल्यापासून मशीन चालू हवं. टाकी रिकामी असेल तेव्हा मात्र पंख्याची पाती दुधात बुडेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर तळाशी दूध गोठून बर्फ धरतो आणि फॅटचं माप बिघडतं.

बाकीचा खर्च, आणि हाती राहणारं

सचिव महिना १२ हजार, मापन-तपासणीचा मदतनीस ९ हजार. वर्षाला अडीच लाख. तपासणीचं साहित्य आणि मशीनची देखभाल २० हजार, लेखापरीक्षण व वार्षिक सभा २५ हजार, विमा आणि छपाई १५ हजार. उत्पन्नाच्या बाजूला पशुखाद्याची १,२०० पोती, पोत्यामागे २५ रुपये कमिशन. सगळं एकत्र मांडलं तर असं दिसतं:

| बाब | वर्षाचे रुपये |
|---|---|
| संस्था कमिशन | ३,६५,००० |
| शीतकरण मोबदला | २,५५,५०० |
| पशुखाद्य कमिशन | ३०,००० |
| एकूण उत्पन्न | ६,५०,५०० |
| पगार | २,५२,००० |
| शीतकरण, घसाऱ्यासह | २,०३,००० |
| तपासणी, लेखापरीक्षण, इतर | ६०,००० |
| एकूण खर्च | ५,१५,००० |
| शिल्लक | १,३५,५०० |

लिटरला ३७ पैसे. यावर खूश होऊन अंदाजपत्रक मिटायचं नाही, कारण ज्या दोन ठिकाणी संस्था खऱ्या अर्थानं बुडतात किंवा तरतात, ती या तक्त्यात दिसतच नाहीत.

तूट आणि वाढावा

उत्पादकाकडून १,००० लिटर घेतलं आणि टँकरमध्ये ९९७ लिटर गेलं. भांड्यांना चिकटलं, सांडलं, नळीत राहिलं. रोज तीन लिटर म्हणजे वर्षाला ३६ हजार रुपये. एवढी तूट चांगल्या केंद्रातही धरावी लागते. त्यापेक्षा जास्त दिसली तर चोरीची शंका घेण्याआधी मोजपट्टी तपासा. टाकीतलं दूध डिपस्टिकनं मोजलं जातं. टाकी एका बाजूला जराशी कललेली असेल, पंखा फिरत असताना काठी घातली असेल, किंवा फेसावर वाचन घेतलं असेल तर दहा-वीस लिटरचा घोळ सहज होतो.

पण प्रमाणापेक्षा प्रतीची तूट फार महाग असते. फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैसे दर धरू. केंद्रावरचं मशीन खऱ्यापेक्षा एक पॉइंट जास्त दाखवतंय. उत्पादकाला ३.८ चे पैसे दिले, संघानं ३.७ चे दिले. रोज ३०० रुपये, वर्षाला १ लाख ९ हजार. जवळजवळ पूर्ण शिल्लक एका पॉइंटमध्ये गेली, आणि कुणी एक पैसा खाल्ला नाही.

हे लवकर ओळखायचं तर रोजच्या संकलनाची सरासरी फॅट आणि टँकरच्या पावतीवरची फॅट शेजारी-शेजारी लिहायची. इथे एक चूक सर्रास होते. सरासरी प्रत्येकाच्या फॅटची नुसती बेरीज-भागाकार करून काढतात. एकानं २ लिटर ४.५ फॅटचं घातलं, दुसऱ्यानं १० लिटर ३.५ चं, तर सरासरी ४.० नसते. लिटर धरून काढली की ती ३.६७ येते. चुकीची सरासरी संघाच्या पावतीशी ताडून पाहिली की संघ लुबाडतो असं वाटतं आणि भांडण सुरू होतं. बरोबर काढलेल्या सरासरीतही आठवडाभर एकाच दिशेनं फरक पडत असेल, तर मशीनचा सेन्सर धुऊन घ्या, नमुन्यात हवेचे बुडबुडे राहत नाहीत ना ते बघा आणि पाच-सहा नमुने गर्बर पद्धतीनं बुटिरोमीटरमध्ये तपासून मशीनच्या आकड्याशी जुळवा. दूध वासाचं निघालं, टाकी नाकारली गेली, तर एका फटक्यात ३३ हजार. त्यासाठी चार अंशांची ती वही.

आता उलट बाजू. काही संस्थांच्या हिशेबात तूट नसतेच, वाढावा असतो: घेतलेल्या दुधापेक्षा विकलेलं दूध जास्त. हा वाढावा येतो कुठून? समजा काटा ४.०८ लिटर दाखवतोय आणि पावतीवर ४.० लागतं, १०० मिलीखालचं सगळं सोडून दिलं जातं. दर वेळी सरासरी ५० मिली गेलं. आपल्या केंद्रावर दिवसाला अडीचशे वेळा दूध घातलं जातं, म्हणजे रोज साडेबारा लिटर, वर्षाला दीड लाख रुपये. लिटरमागे ४१ पैसे! संस्थेनं वर्षभर राबून मिळवलेल्या ३७ पैशांपेक्षा हे जास्त आहे. जवळच्या अंकापर्यंत वर-खाली दोन्हीकडे पूर्णांक केला तर कुणाचं नुकसान होत नाही. नेहमी खालीच केला तर ते उत्पादकाच्या घागरीतून काढलेलं दूध आहे. तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याचंही तेच: दर वेळी ३० मिली घेतलं तर दिवसाला साडेसात लिटर होतात, आणि ते दूध शेवटी टाकीतच जातं.

आणि याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, हे मला सर्वांत जास्त खुपतं. तीस लिटर घालणाऱ्याचे ५० मिली आणि दीड लिटर घालणाऱ्या एका गाईवाल्या बाईचे ५० मिली सारखेच असतात. फरक मात्र लिटरवर वाटला जातो. म्हणजे लहान घागरीतून काढलेलं दूध मोठ्या घागरीच्या फरकात जातं. म्हणून ताळेबंदात ‘दूध वाढावा’ असं खातं दिसलं तर ती कमाई समजून टाळ्या वाजवू नयेत. काटा १० मिलीपर्यंत दाखवतो का आणि पावती तशीच निघते का, एवढं विचारावं.

उरलेल्यातून फरक कसा निघतो

आपल्या केंद्राच्या शिल्लकेतून ३६ हजारांची नेहमीची तूट वजा केली, वाढावा नाही धरला, तर राहिले ९९,५००. सोयीसाठी एक लाख म्हणू. हे सगळे वाटता येत नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो, म्हणजे २५ हजार. भागभांडवल सव्वा लाख आणि लाभांश दहा टक्के धरला तर साडेबारा हजार. कायद्यानं लाभांश पंधरा टक्क्यांच्या वर देता येत नाही. शिक्षण निधी आणि एखादा छोटा निधी धरून आणखी अडीच हजार. राहिले ६० हजार, लिटरला १६.४ पैसे.

दिवसाला आठ लिटर घालणाऱ्याचं वर्षाचं दूध २,९२० लिटर. त्याच्या वाट्याला आले ४८० रुपये. त्याचं वर्षाचं बिल ९६,३६०, म्हणजे शेकड्याला जेमतेम पन्नास पैसे. यावर तो रागावणार, कारण शेजारच्या गावात शेकड्याला तीन रुपये मिळाले आहेत.

तर शेजारचं गाव बघू. संघ तोच, दूध तेवढंच. तिथली संस्था दहा दिवसांच्या बिलात ३३ ऐवजी ३२ रुपये देते, एक रुपया मागे ठेवते. आठ लिटरवाल्याचं वर्षाचं बिल झालं ९३,४४०. दिवाळीला शेकड्याला तीन म्हणजे २,८०३ रुपये. दोन्ही मिळून ९६,२४३. आपल्या गावच्याला बिल आणि फरक मिळून ९६,८४० मिळाले. ज्याला दिवाळीत सहापट फरक मिळाला त्याला वर्षात सुमारे सहाशे रुपये कमी मिळाले, आणि तेही त्याचेच पैसे काही महिने दुसऱ्याकडे राहून. सगळ्या उत्पादकांचे मिळून जवळपास ७५ हजार संस्थेत अडकून राहिले. त्या गावानं आपल्या बरोबरीला यायचं तर शेकड्याला ३ रुपये ६४ पैसे द्यायला हवे होते.

दर कमी ठेवून दिवाळीला एकरकमी देण्याच्या मी विरोधात नाही. दहा दिवसांच्या बिलातले ऐंशी रुपये किराण्यात विरघळतात. दिवाळीचे तीन हजार कपड्यांना, शाळेच्या फीला किंवा गोठ्याच्या पत्र्याला लागतात. घरातली बाई दूध घालत असेल तर तिच्या हाती एकदम येणारी ती वर्षातली एकमेव रक्कम असू शकते. सर्वसाधारण सभेनं समजून-उमजून तसं ठरवलं असेल तर ते योग्यच आहे. फक्त शेजाऱ्याशी तुलना करताना ‘शेकड्याला किती’ एवढं न विचारता लिटरला वर्षाचे एकूण किती पडले ते काढावं: सगळी बिलं अधिक फरक, भागिले एकूण लिटर.

संघही वर्षाच्या हिशेबावर वेगळा दूध-दर फरक देतो. गोकुळसारख्या संघांचा फरक दिवाळीच्या तोंडावर जमा होतो, याची गावोगाव वाट पाहिली जाते. तो दोन्ही गावांत सारखाच येतो. संस्थेनं तो आपल्या फरकात मिसळून एकच आकडा जाहीर केला तर संस्थेचं स्वतःचं काम झाकलं जातं. पावतीवर दोन ओळी वेगळ्या हव्यात. कर्मचाऱ्यांचा बोनस ही तिसरी गोष्ट. तो खर्चात धरायचा, उत्पादकांच्या फरकात नाही.

आता शेवटचा भाग, ज्यावर वाटपाच्या आदल्या आठवड्यात रात्री जागवल्या जातात. फरक जाहीर करणं आणि बँकेत तेवढे पैसे असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण होऊन सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते आणि वाटप त्यानंतर. मागे ठेवलेला पैसा इतके महिने संस्थेच्या चालू खात्यात पडून राहतो आणि पडून राहिलेल्या पैशाला कामं सुचतात. पशुखाद्य उधार दिलं जातं, एखाद्याला गाय घ्यायला उचल दिली जाते, संचालकांच्या ओळखीत थोडी जास्त. कागदावर सगळं येणं आहे, पण दिवाळीत ते कापडाच्या दुकानात चालत नाही. मग संस्था फरक वाटायला कर्ज काढते आणि पुढच्या वर्षीच्या फरकातून त्याचं व्याज भरते.

त्यावर उपाय एकच टिकलेला पाहिला आहे. मागे ठेवलेला रुपया त्याच दशकात, बिलं वाटताना, वेगळ्या ठेव खात्यात टाकायचा. शेजारच्या गावच्या हिशेबानं दर दशकाला दहा हजार. ताळेबंदाच्या देण्याच्या बाजूला ‘उत्पादकांना देय दूध फरक’ आणि मालमत्तेच्या बाजूला तेवढ्याच रकमेची ठेव. वार्षिक सभेच्या अहवालात या दोन ओळी शोधा. पहिल्या ओळीत ३ लाख ६५ हजार आहेत आणि दुसरी ओळच नाही, तिच्या जागी ‘पशुखाद्य येणे’ आणि ‘सभासद उचल’ फुगलेली आहे, असं दिसलं तर सभेत फरकाच्या दरावर वाद घालण्याआधी ही येणी कुणाकडे किती दिवसांची थकली आहेत त्याची यादी मागावी. नव्वद दिवसांवरची थकबाकी वेगळी काढून तिच्या वसुलीची तारीख ठरावात लिहून घ्यावी, आणि तोपर्यंत नवी उचल बंद.